अपॉस्टिल : परदेशात दाखवायच्या सरकारी कागदावरची खरी-खोटी सही कोण सांगतो?

पुण्यात कोणत्याही झेरॉक्सच्या दुकानाबाहेर ‘अपॉस्टिल करून मिळेल’ अशी पाटी दिसते. त्यामुळे पासपोर्ट फोटोसारखीच ही एखादी ठरीव वस्तू असावी, कागद आणि पैसे दिले की झाले, असा अनेकांचा समज होतो. प्रत्यक्षात अपॉस्टिल एका अगदी मर्यादित प्रश्नाचे उत्तर देते. या कागदावर ज्या अधिकाऱ्याची सही आहे ती खरोखर त्याचीच आहे का, त्या वेळी तो त्या पदावर होता का आणि कागदावरचा शिक्का त्याच कार्यालयाचा आहे का, एवढेच ते सांगते. कागदात लिहिलेली जन्मतारीख बरोबर आहे किंवा पदवी मेहनतीने मिळवली आहे, याची ग्वाही अपॉस्टिल देत नाही. भारताचे परराष्ट्र मंत्रालयही दस्तऐवजातील मजकुराची जबाबदारी आपली नाही, असे स्पष्टपणे सांगते. ही मर्यादा आधी लक्षात घेतली, तर कोणत्या कागदाला अपॉस्टिल मिळते, कोणत्याला मिळत नाही आणि अर्ज कुठे अडतो, हे जवळजवळ सगळे आपोआप उलगडते.

हा प्रकार आला कुठून

पूर्वी एका देशाचा दाखला दुसऱ्या देशात वापरायचा म्हणजे सह्यांची एक लांबलचक साखळी पूर्ण करावी लागे. आधी स्थानिक अधिकारी, मग राज्य, मग परराष्ट्र खाते आणि शेवटी ज्या देशात जायचे त्या देशाचा दूतावास. ही साखळी तोडण्यासाठी 5 ऑक्टोबर 1961 रोजी हेग येथे एक करार झाला आणि तो 24 जानेवारी 1965 पासून अमलात आला. कागद ज्या देशात तयार झाला त्या देशाने नेमलेल्या अधिकाऱ्याने एक ठरावीक नमुन्याचे प्रमाणपत्र जोडले की करारातील दुसऱ्या देशाने आपल्या दूतावासाची वेगळी मोहोर मागायची नाही, असा हा करार आहे. त्या प्रमाणपत्राला अपॉस्टिल म्हणतात. भारताने 2004 साली या करारात प्रवेश केला आणि 14 जुलै 2005 पासून तो भारतासाठी लागू झाला.

प्रमाणपत्राचा नमुना करारातच दिलेला आहे. त्याचे शीर्षक सर्व देशांत फ्रेंचमध्येच असते आणि खाली दहा क्रमांकित नोंदी असतात. देश कोणता, सही कोणाची, कोणत्या पदाच्या अधिकाराने केलेली, शिक्का कोणाचा, प्रमाणपत्र कुठे, कधी व कोणी दिले, त्याचा अनुक्रमांक आणि शेवटी देणाऱ्याचा शिक्का व सही, असा त्यांचा क्रम आहे. भारतात हे प्रमाणपत्र संगणकावर छापलेल्या स्टिकरच्या रूपात मिळते आणि ते बहुधा मूळ कागदाच्या मागच्या बाजूला लावलेले असते. अपॉस्टिल देणाऱ्या प्रत्येक कार्यालयाने दिलेल्या प्रमाणपत्रांची नोंदवही ठेवलीच पाहिजे, असेही करार सांगतो. परदेशातील अधिकाऱ्याला शंका आली तर तो क्रमांक सांगून पडताळणी करू शकतो, आणि हीच सोय आपल्यालाही बनावट स्टिकर ओळखायला उपयोगी पडते.

कोणते कागद यात बसतात

कराराच्या पहिल्याच कलमात ‘सार्वजनिक दस्तऐवज’ म्हणजे काय, हे चार गटांत सांगितले आहे. पहिल्या गटात न्यायालये आणि त्यांच्याशी संबंधित अधिकाऱ्यांचे कागद येतात, उदाहरणार्थ घटस्फोटाचा हुकूमनामा किंवा वारसा प्रमाणपत्र. दुसरा गट प्रशासकीय दस्तऐवजांचा असून सामान्य माणसाचे बहुतेक काम त्यातच असते: जन्म, मृत्यू आणि विवाहनोंदणीचे दाखले, पोलिसांचे चारित्र्य प्रमाणपत्र, मंडळाच्या आणि विद्यापीठाच्या गुणपत्रिका व पदव्या. तिसऱ्या गटात नोटरीने केलेले लेख येतात. चौथा गट जरा नीट समजून घ्यावा लागतो. एखादा कागद मुळात खाजगी असतो, पण त्यावरची सही आपल्यासमोर झाली किंवा तो अमुक तारखेला नोंदवला गेला, असा अधिकृत शेरा एखाद्या अधिकाऱ्याने त्यावर मारलेला असतो. अशा वेळी तो शेरा सार्वजनिक दस्तऐवज ठरतो, खालचा खाजगी मजकूर नव्हे.

म्हणूनच कंपनीने दिलेले अनुभवपत्र, बँकेचे पत्र, गावच्या पुजाऱ्याने लिहून दिलेला विवाहाचा कागद किंवा खाजगी क्लासचे प्रमाणपत्र यांना थेट अपॉस्टिल मिळत नाही, कारण त्यावर सार्वजनिक अधिकाऱ्याची सही नसते. त्यांना आधी नोटरीसमोर न्यावे लागते. पुढे जे अपॉस्टिल लागते ते नोटरीच्या सहीसाठी असते, कंपनीच्या सहीसाठी नसते. परदेशातील मालकाने ‘अनुभवपत्राचे अपॉस्टिल’ मागितले असेल, तर त्याला नोटरीमार्गाने केलेले चालेल का, हे आधीच विचारून घेतलेले बरे. मुखत्यारपत्राची किंवा प्रतिज्ञापत्राची गोष्ट वेगळी. तिथे नोटरीसमोर केलेली सही हाच कागदाचा गाभा असल्यामुळे हा मार्ग पूर्ण योग्य ठरतो.

याच कारणाने पदवीच्या ‘ट्रू कॉपी’चा घोटाळा होतो. मूळ पदवी हरवण्याच्या भीतीने लोक तिची छायाप्रत नोटरी करून त्यावर अपॉस्टिल करून घेतात. तसे अपॉस्टिल मिळूही शकते, पण ते विद्यापीठाच्या कुलसचिवाच्या सहीबद्दल काहीच सांगत नाही, फक्त नोटरीची सही खरी आहे एवढेच सांगते. परदेशातील विद्यापीठाने असा कागद नाकारला, तर त्याला दोष देता येत नाही.

कराराने दोन गोष्टी मुद्दाम बाहेर ठेवल्या आहेत. एक म्हणजे राजदूत किंवा वाणिज्य दूत यांनी केलेले दस्तऐवज, आणि दुसरी म्हणजे थेट व्यापाराशी किंवा सीमाशुल्काशी संबंधित प्रशासकीय कागद. दूतावासाच्या कागदांचा मुद्दा कुटुंब परदेशात वाढू लागते तेव्हा महत्त्वाचा होतो, त्याकडे शेवटी येऊ.

आधी देश तपासा

कागद गोळा करण्यापूर्वी जाण्याचा देश या करारात आहे का आणि भारताच्या बाबतीत तो करार मानतो का, हे पाहावे. हे दोन वेगळे प्रश्न आहेत. संयुक्त अरब अमिरात, कतार आणि कुवेत हे देश करारात नाहीत, म्हणून तिथे परराष्ट्र मंत्रालयाचे साधे साक्षांकन करून पुढे त्या देशाच्या दूतावासाची मोहोर घ्यावी लागते. सौदी अरेबिया डिसेंबर 2022 मध्ये आणि कॅनडा जानेवारी 2024 मध्ये करारात आले, त्यामुळे त्यापूर्वी गेलेल्या नातेवाइकाचा अनुभव आज तसाच्या तसा लागू पडत नाही. जर्मनी करारात आहे, पण भारताच्या प्रवेशाला त्याने आक्षेप घेतलेला आहे आणि म्हणून भारतीय अपॉस्टिल तिथे कराराप्रमाणे चालत नाही. जर्मन कार्यालये भारतीय दाखल्यांची स्वतः चौकशी करवून घेतात. हा करार सांभाळणाऱ्या हेग परिषद या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या संकेतस्थळावर सदस्य देशांचा तक्ता असतो आणि त्यात कोणी कोणाला आक्षेप घेतला आहे, हेही दिलेले असते. एजंट काय सांगतो यापेक्षा तो तक्ता पाहणे केव्हाही चांगले.

एक जोडपे, तीन दाखले

समजा, पुण्यात राहणाऱ्या नवऱ्याला नेदरलँड्समधील आइंडहोव्हन शहरात नोकरी मिळाली आहे आणि बायकोही सोबत जाणार आहे. त्याचा जन्म सातारा जिल्ह्यातील एका गावात 1991 साली झाला, तिचा कोल्हापूर शहरात, आणि विवाहाची नोंदणी पुण्यात झाली. चार महिन्यांपेक्षा जास्त राहणाऱ्याला तिथल्या नगरपालिकेत पोहोचल्यापासून पाच दिवसांत नाव नोंदवावे लागते, आणि त्या वेळी जन्माचे व विवाहाचे अधिकृत दाखले मागितले जातात. विवाहाचा दाखला तर बायकोच्या निवासपरवान्यासाठी त्याआधीच लागतो. नेदरलँड्स भारतीय अपॉस्टिल स्वीकारते, म्हणून या जोडप्याला तीन कागदांवर अपॉस्टिल हवे आहे.

सर्वांत जास्त वेळ मूळ दाखला दुरुस्त करून घेण्यात जातो, त्यामुळे सुरुवात तिथूनच करावी. नवऱ्याचा घरातला जुना दाखला हाताने लिहिलेला, फक्त मराठीत आणि लॅमिनेट केलेला आहे. शिवाय त्यात मुलाचे नाव नाही, नुसते ‘मुलगा’ असे लिंग आणि आईवडिलांची नावे आहेत. आपल्याकडे बारशाआधीच रुग्णालय किंवा ग्रामपंचायत जन्माची नोंद करते, त्यामुळे अशा नोंदी हजारो घरांत सापडतील. या कागदावर अपॉस्टिल मिळवण्याचा प्रयत्नही करू नये. एक तर लॅमिनेशनवर शिक्का बसत नाही, आणि बसला तरी नाव नसलेला दाखला परदेशात कुणाचाच ठरत नाही.

जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, 1969 च्या कलम 14 नुसार नोंद झालेल्या मुलाचे नाव नंतर घालता येते. नियमात त्यासाठी नोंदणीपासून पंधरा वर्षांची मुदत आहे. त्याहून जुन्या नोंदींसाठी शासनाने दिलेली मुदतवाढ अर्जाच्या वेळी चालू आहे का, हे ग्रामपंचायतीत किंवा पंचायत समितीत विचारावे लागते. अर्जासोबत शाळा सोडल्याचा दाखला, दहावीचे प्रमाणपत्र आणि पासपोर्ट जोडावा. नावाचे स्पेलिंग पासपोर्टप्रमाणेच अक्षरन् अक्षर लिहून द्यावे. ग्रामसेवकाच्या संगणकात मराठी नावाचे इंग्रजी लिप्यंतर होताना ‘व्ही’चा ‘डब्ल्यू’ झाला किंवा आईच्या नावात एखादा ‘ए’ जास्त पडला, तर दाखल्यात चूक आहे असे कोणालाच वाटत नाही. पण परदेशातील कारकुनाच्या दृष्टीने ती दोन वेगळी माणसे असतात. चुकीची नोंद दुरुस्त करण्याची तरतूद त्याच कायद्याच्या कलम 15 मध्ये आहे. नंतर प्रतिज्ञापत्र जोडत बसण्यापेक्षा हे काम आताच करून घ्यावे.

नवा दाखला घेताना तो मराठी-इंग्रजी द्विभाषिक मागावा. नेदरलँड्समध्ये डच, इंग्रजी, फ्रेंच किंवा जर्मन भाषेतील दाखला अनुवादाशिवाय चालतो. दाखला फक्त मराठीत असेल तर शपथबद्ध अनुवादकाकडून अनुवाद करावा लागतो, आणि अनुवादक नेदरलँड्सबाहेरचा असेल तर त्या अनुवादाचेही वेगळे प्रमाणीकरण लागते. द्विभाषिक दाखला घेतला की हे सगळे टळते. इटलीला किंवा स्पेनला जाणाऱ्यांची मात्र त्यातून सुटका नाही, कारण तिथे त्यांच्या भाषेतला अनुवाद द्यावा लागतो.

बायकोच्या दाखल्यासाठी कोल्हापूर महानगरपालिकेचा जन्म-मृत्यू विभाग, आणि विवाहासाठी पुण्यातील ज्या निबंधकाने नोंदणी केली ते कार्यालय गाठावे. लग्न मंगल कार्यालयात झाले आणि नोंदणी राहूनच गेली असेल, तर आधी ती करून घेण्यावाचून इलाज नाही. निमंत्रणपत्रिका, फोटो आणि पुरोहिताची सही हे सार्वजनिक दस्तऐवज नव्हेत. जन्मदाखल्यात तिचे माहेरचे नाव असेल आणि पासपोर्टमध्ये सासरचे, तर ते चूक नाही. जुने आणि नवे नाव जोडणारा दुवा म्हणजे विवाहाचा दाखला, म्हणून त्यात विवाहापूर्वीचे पूर्ण नाव नीट आले आहे ना, एवढे पाहावे.

राज्याचा टप्पा आणि दिल्लीचे स्टिकर

सातारच्या ग्रामसेवकाची सही परराष्ट्र मंत्रालयाला ओळखता येणे शक्य नाही. म्हणून मधे राज्य शासनाचा टप्पा येतो. जन्म, विवाह अशा वैयक्तिक कागदांचे प्रमाणीकरण राज्याचा गृह किंवा सामान्य प्रशासन विभाग करतो आणि शैक्षणिक कागदांचे शिक्षण विभाग. त्यांच्या नेमलेल्या अधिकाऱ्यांच्या सह्यांचे नमुने परराष्ट्र मंत्रालयाकडे असतात. कोणत्या राज्यात कोणता अधिकारी नेमला आहे, याची यादी परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर पाहावी, कारण कक्ष आणि वेळा बदलत राहतात. महाराष्ट्रात बोलताना ‘मंत्रालयाचा शिक्का’ म्हटले की मुंबईचे मंत्रालय की दिल्लीचे परराष्ट्र मंत्रालय, याचा नेहमी गोंधळ होतो. एजंटकडून पावती घेताना कोणता शिक्का मिळणार ते लिहून घ्यावे.

राज्य कोणते, हे कागदावरून ठरते, तुमच्या आजच्या पत्त्यावरून नाही. या जोडप्याचे तीनही दाखले महाराष्ट्रातले असल्याने मुंबईत काम होईल. पण बायकोने पदवी धारवाडला घेतली असती, तर ती कर्नाटक शासनाकडेच न्यावी लागली असती. दिल्लीतल्या उपविभागीय दंडाधिकाऱ्याच्या शिक्क्याने काम लवकर करून देतो, असे काही एजंट सांगतात. त्या मार्गातही शेवटी स्टिकर मिळते, पण मूळ दाखला देणाऱ्या राज्याने आपला अधिकारी ओळखल्याची साखळी त्यात राहत नाही. काही परदेशी संस्था राज्याचाच शिक्का मागतात, म्हणून वाचलेले दिवस पुढे महागात पडू शकतात.

त्यानंतर परराष्ट्र मंत्रालय येते. मंत्रालय व्यक्तींकडून कागद थेट घेत नाही, ते नेमलेल्या सेवा-संस्थांमार्फत जमा करावे लागतात. 2019 पासून हे काम दिल्लीखेरीज इतर शहरांतूनही होते. त्यात मुंबई आणि पणजी आहेत, त्यामुळे गोव्यातल्या माणसाला दिल्लीकडे डोळे लावून बसावे लागत नाही. अपॉस्टिलचे सरकारी शुल्क दर दस्तऐवजाला 50 रुपये आहे. सेवा-संस्थेचे शुल्क आणि पानांच्या स्कॅनिंगचा खर्च त्याहून वेगळा असतो व त्याचे दर जाहीर केलेले असतात. एजंटने एका दाखल्याचे काही हजार सांगितले, तर त्यातला फार मोठा भाग धावपळीचा मोबदला आहे, हे समजून पैसे द्यावेत. ज्या संस्थांचे अभिलेख ई-सनद पोर्टलला जोडलेले आहेत, त्यांच्या कागदांसाठी ऑनलाइन अर्जाचाही मार्ग आहे. खेड्यातल्या जुन्या जन्मनोंदीसाठी मात्र प्रत्यक्ष कागद नेण्याचीच तयारी ठेवावी.

कागद परत मिळाला की तिथेच उभे राहून तो तपासावा. स्टिकरवरचे धारकाचे नाव, दस्तऐवजाचा प्रकार आणि तारीख जुळते का, ते पाहावे. मग स्टिकरवरचा क्रमांक परराष्ट्र मंत्रालयाच्या ऑनलाइन पडताळणीत घालून बघावा. तो सापडत नसेल, तर काम झालेले नाही असेच समजावे. स्टिकर उचकटू नये, त्यावर प्लॅस्टिक चढवू नये आणि अनेक पानी दस्तऐवज असेल तर त्याचे स्टेपल किंवा दोरा काढू नये, कारण स्टिकर कोणत्या कागदाचे आहे याचा पुरावा त्या जोडणीतच असतो. दोन्ही बाजूंचे रंगीत स्कॅन करून ठेवावे आणि परदेशातील कार्यालयाला मागच्या बाजूसह पाठवावे. पुष्कळ लोक फक्त पुढची बाजू पाठवतात आणि ‘अपॉस्टिल दिसत नाही’ असे उत्तर आले की गोंधळतात.

अपॉस्टिलला कराराने मुदत घातलेली नाही. मुदत असली तर ती खालच्या कागदाला असते. चारित्र्य प्रमाणपत्र काही महिन्यांपूर्वीचेच हवे, किंवा अविवाहित असल्याचा दाखला ताजा हवा, अशी अट तो कागद मागणारे कार्यालय घालू शकते. म्हणून असे कागद सर्वांत शेवटी काढावेत. जन्म आणि विवाहाचे दाखले आधी केले तरी हरकत नाही.

उलट्या दिशेने

या जोडप्याला पुढे आइंडहोव्हनमध्ये मूल झाले, तर दिशा उलटते. डच नगरपालिकेने दिलेला जन्मदाखला भारतात दाखवायचा असेल, तर त्यावर अपॉस्टिल दिल्लीत मिळणार नाही. तो कागद नेदरलँड्सचा असल्याने तिथले जिल्हा न्यायालयच ते देते. ब्रिटनमध्ये हे काम त्यांचे परराष्ट्र कार्यालय करते, आणि अमेरिकेत राज्यांच्या दाखल्यांवर बहुतेक ठिकाणी त्या त्या राज्याचा सेक्रेटरी ऑफ स्टेट. भारतात परतल्यावर हे करणे अवघड जाते, म्हणून परदेश सोडण्यापूर्वी मुलाच्या दाखल्याच्या दोन प्रती अपॉस्टिल करून घ्याव्यात.

भारतीय नागरिकत्वासाठी आईवडील त्या मुलाची नोंद भारतीय दूतावासातही करतात आणि दूतावास जन्मनोंदीचे प्रमाणपत्र देतो. भारतातील कार्यालयांपुढे ते उपयोगी पडते. पण काही वर्षांनी कुटुंब पोर्तुगालला गेले आणि तिथे मुलाचा अपॉस्टिल केलेला जन्मदाखला मागितला गेला, तर दूतावासाचे हे प्रमाणपत्र पुढे करता येणार नाही, कारण वाणिज्य दूताने केलेले दस्तऐवज कराराच्या बाहेर आहेत. तिथे डच नगरपालिकेचा दाखला आणि त्यावरचे डच न्यायालयाचे अपॉस्टिलच द्यावे लागेल.